गुडघ्याचा फुगवटा आणि संपलेला ताण

जीन्स चार दिवस घातली की गुडघ्यांवर फुगवटे येतात, मागची बाजू लोंबू लागते, आणि आपण म्हणतो की जीन्स सैल पडली. वर्षभर वापरलेली सुती लेगिंग पोटरीवर बसेनाशी होते, घोट्याशी तिच्या चुण्या गोळा होतात, तेव्हाही आपण म्हणतो की लेगिंग सैल पडली. शब्द एकच असला तरी या दोन घटना वेगवेगळ्या आहेत. पहिलीत कापडाला लवचीक ठेवणारा इलास्टेनचा तंतू शाबूत असतो, परंतु त्याला कापड मागे ओढून आणता येत नाही. दुसरीत ओढणारा तंतूच निकामी झालेला असतो. पहिली एका धुण्यात जाते, दुसरी कशानेही जात नाही, आणि पहिलीवर केलेले चुकीचे उपाय दुसरीला आमंत्रण देतात. म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

लेबलवर इलास्टेन लिहिलेले असो, स्पॅन्डेक्स असो किंवा लायक्रा असो, वस्तू एकच आहे. लायक्रा हे एका उत्पादनाचे व्यापारी नाव, एवढाच फरक. ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये हा तंतू सिद्ध केला. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याच्या प्रत्येक रेणूसाखळीत दोन प्रकारचे खंड आळीपाळीने येतात. लांब, मऊ खंड विस्कटलेल्या दोऱ्याच्या गुंत्यासारखे पडलेले असतात आणि ओढले की सरळ होतात. आखूड, कडक खंड शेजारच्या साखळ्यांतील तशाच खंडांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात आणि गाठींचे काम करतात. मऊ खंडांमुळे तंतू मूळ लांबीच्या पाच ते सात पट ताणला जाऊ शकतो, आणि कडक खंडांच्या गाठींमुळे तो सोडल्यावर जागेवर येतो. मऊ खंड तुटले किंवा गाठी सुटून दुसरीकडे बसल्या, की तंतू दिसायला तसाच राहतो, पण त्याची ओढ कमी होते.

कापडात हा तंतू किती थोडा असतो, याची कल्पना आल्याशिवाय पहिली घटना समजत नाही. स्ट्रेच जीन्समध्ये इलास्टेन बहुधा फक्त आडव्या धाग्यांत असते. सूत कातताना इलास्टेनचा तंतू सुमारे साडेतीन पट ताणून मध्यभागी ठेवतात आणि त्याच्याभोवती कापूस कातला जातो. दहा नंबरचे असे सूत ९,००० मीटर घेतले, तर त्याचे वजन साधारण ५३० ग्रॅम भरते. त्याच्या गाभ्यात ७० डेनियरचा, म्हणजे न ताणता ९,००० मीटरला ७० ग्रॅम भरणारा तंतू असेल, तर ताणलेल्या अवस्थेत त्याचा वाटा सुमारे २० ग्रॅम, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. उभ्या धाग्यांत तर तो अजिबात नसतो, त्यामुळे पूर्ण कापडाचा हिशेब दोन टक्क्यांच्या आसपास येतो आणि लेबलवर ‘९८ टक्के कापूस, २ टक्के इलास्टेन’ असे छापले जाते. म्हणजे हा बारीकसा तंतू आपल्या वजनाच्या कित्येक पट कापूस ओढून धरत असतो.

आता गुडघ्याचे पाहू. आपण खुर्चीवर किंवा दुचाकीवर तासन्‌तास बसतो तेव्हा गुडघ्यावरचे कापड ताणलेलेच राहते. आडवे धागे उभ्या धाग्यांवरून थोडे सरकतात, कापसाचे तंतू वाकलेल्या अवस्थेत स्थिरावतात, आणि घामाची ओल येऊन वाळली की ते त्याच आकारात आणखी पक्के होतात. उठल्यावर इलास्टेन ओढ लावतेच, मात्र धाग्यांच्या आपसातील घर्षणापुढे ती ओढ अपुरी पडते. शिवाय दीर्घकाळ ताणून ठेवलेले इलास्टेन स्वतःही तत्काळ पूर्ण परतत नाही. त्याला वेळ लागतो. फुगवटा हे या रस्सीखेचीतील तात्पुरत्या पराभवाचे चिन्ह आहे. कापड पाण्यात भिजले की कापूस फुगतो, त्याचे नवे बंध सुटतात, धाग्यांना हालचालीला वाव मिळतो आणि इलास्टेनचे बळ वरचढ ठरते. धुतलेली जीन्स पहिल्या दिवशी घट्ट लागते, त्याचे कारण हेच. कापूस धुण्याने आखडतो, असे आपण सगळ्याच कपड्यांबद्दल सरसकट म्हणतो, पण स्ट्रेच जीन्समध्ये परत येण्याचा मोठा भाग आत दडलेल्या तंतूच्या ओढीचा असतो.

लेगिंगची रचना वेगळी असते. विणलेल्या होजिअरी कापडात इलास्टेनचा उघडा तंतू सुताच्या सोबतीने प्रत्येक टाक्यात जातो. त्याच्याभोवती कापसाचे वेष्टन नसते. त्यामुळे उष्णता, घाम, तेल आणि पाण्यात विरघळलेले सर्व काही त्याच्यापर्यंत थेट पोहोचते. संपलेल्या ताणाची तक्रार जीन्सपेक्षा लेगिंगमध्ये लवकर येते, यात कारखान्याची लबाडी असेलच असे नाही.

उष्णतेची गोष्ट इस्त्रीपासून सुरू करणे योग्य, कारण इस्त्री नकळत जे करते तेच काम गिरणीत मुद्दाम केले जाते. यंत्रावरून उतरलेले इलास्टेनचे कच्चे कापड आखडते आणि कडेने गुंडाळले जाते. म्हणून ते स्टेंटर नावाच्या लांब भट्टीत रुंदीला ताणून, साधारण १८० ते १९५ अंशांवर, अर्धा-एक मिनिट धरतात. त्या तापमानाला कडक खंडांच्या गाठी सैल होतात, आणि कापड थंड होताना त्या ताणलेल्या स्थितीतच पुन्हा बसतात. कापड स्थिर होते, आणि त्या बदल्यात इलास्टेनची थोडीशी ओढ जाणीवपूर्वक सोडून दिलेली असते. भट्टीचे तापमान जरा चढले किंवा कापड जास्त वेळ आत राहिले, तर तो अख्खा तागा निर्जीव निघतो.

घरातील इस्त्रीवर तीन ठिपक्यांची खूण म्हणजे कमाल २०० अंश, दोन ठिपके म्हणजे १५० आणि एक ठिपका म्हणजे ११० अंश. सुती कपडा समजून लेगिंगवर तीन ठिपक्यांची इस्त्री फिरवली, की आपण तिला दुसऱ्यांदा स्टेंटरमध्ये घालतो. इस्त्री एका जागी काही सेकंदच असते हे खरे, परंतु चुण्या काढण्यासाठी आपण दुसऱ्या हाताने कापड ओढून धरतो. म्हणजे उष्णता आणि ताण दोन्ही एकाच वेळी मिळतात आणि गाठी त्या ओढलेल्या लांबीवर बसतात. आठवड्याला एकदा असे केले, तरी वर्षाला पन्नास वेळा झाले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या कोळशाच्या इस्त्रीला तर तापमान मर्यादित ठेवणारे यंत्रच नसते. त्याचा हात कितीही बसलेला असला, तरी ढिगाऱ्यातील कोणत्या कपड्यात पाच टक्के इलास्टेन आहे हे त्याने कसे ओळखावे? इस्त्री करणे टाळता येत नसेल, तर एक ठिपका, कपडा उलटा करून, न ओढता, एवढे पथ्य पुरेसे आहे.

गरम पाणी एवढ्या झटक्याने काही करत नाही. चाळीस अंशांचे पाणी आणि गाठी सैल करणारी उष्णता यांत फार मोठे अंतर आहे. साठ अंशांच्या पाण्यातही गाठी एकदम सुटत नाहीत, पण तेथे पाणी एकटे नसते. त्यात क्षार असतात, वेळ असतो आणि यंत्राची घुसळण असते. पुढून दार असलेल्या धुलाईयंत्रात पाणी तापवण्याची सोय असते, आणि सुती कपड्यांचा कार्यक्रम निवडला की काही यंत्रे आपणहून साठ अंश धरतात. तो आकडा पाहून तीस किंवा चाळीसवर आणणे हाच त्यावरचा उपाय. कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या गरम हवेचा दोष असा, की कपडा वाळून गेल्यावरही ड्रम फिरत राहिला, तर ओलाव्याचे संरक्षण संपते आणि तंतू थेट तापतो. आपल्याकडे अशी यंत्रे कमी घरांत आहेत, मात्र गच्चीवरचे एप्रिल-मे महिन्यांतील ऊन आहेच, आणि त्यातील अतिनील किरण इलास्टेनला पिवळे आणि दुबळे करतात.

साबणाबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. मळ सोडवणारा घटक पॉलियुरेथेनच्या साखळ्या कापत नाही. नुकसान होते ते सोबतच्या पदार्थांमुळे. धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, आणि त्यामुळे पाणी बरेच अल्कधर्मी होते. काही इलास्टेनमधील मऊ खंड पॉलिएस्टर जातीचे असतात. अल्कधर्मी गरम पाणी त्यांना हळूहळू तोडते. अधिक प्रचलित असलेले पॉलिईथर जातीचे खंड सोड्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, परंतु ऑक्सिडीकरणापुढे ते नमतात, आणि डाग काढणाऱ्या पावडरींतील परकार्बोनेट गरम पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते ते नेमके त्यासाठीच. आपल्या कपड्यात कोणती जात आहे, हे लेबल सांगत नाही. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र जात पाहत नाही. इलास्टेनला त्याचा स्पर्शही नको.

यापुढचा घटक वेळ. रात्रभर बादलीत पावडर घालून भिजवण्याची आपली जुनी सवय जाड सुती चादरीला मानवते, लेगिंगला नाही. अर्धा तास पुरेसा असतो. पावडर जास्त टाकली, नीट खळबळली नाही, आणि त्या उरलेल्या क्षारांवरच इस्त्री फिरली, तर रसायन आणि उष्णता यांची युती होते. मला वाटते, कपड्यांचा अकाली अंत बहुतेक घरांत असाच होत असावा.

म्हणून न धुणे हा उपाय ठरत नाही. त्वचेचे तेल, अंगाला लावलेले तेल आणि मलम इलास्टेनमध्ये मुरतात आणि तंतूला कमजोर करतात. घामट व्यायामाची पँट पिशवीत दोन दिवस कोंबून ठेवणे, हे सौम्य द्रव डिटर्जंटने थंड पाण्यात लगेच धुण्यापेक्षा वाईट. फुगवटा काढण्यासाठी कढत पाण्यात उकळून काढण्याचा जो सल्ला दिला जातो, तो पहिल्या घटनेच्या उपचारासाठी दुसरी घटना ओढवून घेणारा आहे. भिजवण्याचे काम थंड पाणीही करते.

आपल्या कपड्याला नेमके काय झाले आहे, हे तपासायला टेप पुरते. समजा, लेगिंगच्या मांडीवर आडव्या दिशेने दहा सेंटिमीटरवर दोन खुणा केल्या आणि कापड तेरा सेंटिमीटरपर्यंत ओढून मिनिटभर धरले. सोडल्यावर एका तासाने अंतर साडेदहा भरले, तर अजून निष्कर्ष काढू नये. कपडा साध्या पाण्यात भिजवावा, न पिळता सपाट पसरून सावलीत वाळवावा आणि पुन्हा मोजावे. अंतर दहावर किंवा त्याच्या अगदी जवळ आले, तर तो फुगवटा होता. वाळल्यावरही साडेदहाच राहिले, तर ताण संपला आहे. ओढताना हाताला लागणारा विरोध हीदेखील खूण आहे: शाबूत कापड जसजसे ताणावे तसतसे मागे ओढते, तर संपलेले कापड काही अंतर मुकाट्याने येते आणि मग अचानक अडते, कारण तेथे फक्त कापसाचे टाके उरलेले असतात.

काही खुणांना टेपही लागत नाही. पृष्ठभागावर पाण्याच्या लाटांसारखे बारीक उंचवटे दिसतात, कारण काही ठिकाणी तंतू ओढत असतो आणि शेजारी तुटलेला असतो. शिवणीजवळ केसांसारखे पांढरट, रबरी तंतू बाहेर डोकावतात. हे मांडीच्या सांध्यात आणि कमरेशी आधी दिसते. मात्र शिवणीच्या अगदी कडेला, एका सरळ रेषेत, नव्या कपड्यातच असे तंतू निघाले असतील, तर दोष धुण्याला देऊ नये. शिवताना टोकदार सुईने ते कापले गेलेले असतात, आणि त्यासाठी शिंप्याने गोल टोकाची सुई वापरायला हवी होती.