एका टाळीने आवाज शेवटपर्यंत जुळतो?

“कॅमेरा आणि वेगळा ऑडिओ रेकॉर्डर, दोन्हीकडे सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवला, सुरुवातीला टाळी वाजवली, की झालं ना?”

नाही. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या घड्याळाच्या क्रिस्टलवर चालतात. दोघांचे ‘४८’ किंचित वेगळे असतात. वाशीच्या भावे नाट्यगृहातली दीड तासाची सलग मैफल घ्या. शेवटी वाजवलेल्या दुसऱ्या टाळीला (ती हवीच) रेकॉर्डरचा आवाज चार फ्रेम मागे पडला, तर २५ फ्रेमच्या हिशेबात ०.१६ सेकंद. ५४००.१६ भागिले ५४००, म्हणजे त्या ट्रॅकचा वेग १००.००३ टक्के करा. पट्टीतला फरक कानाला कळत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर दोनच दशांश घेत असेल तर हा आकडा १०० होऊन बसतो. मग दर वीस-बावीस मिनिटांनी, दोन गाण्यांमधल्या शांततेत कापून पुढचा सगळा भाग एक फ्रेम अलीकडे ओढा. तान चालू असताना कापलंत तर ठेच ऐकू येते.