जीन्सच्या जाड जोडावरून टीप नेणं

जीन्सची उंची कमी करताना बॉटमची सगळी पट्टी छान शिवून होते आणि आतल्या शिवणीपाशी आलं की मशीन अडतं, टक्क आवाज येतो आणि सुई तुटते. त्या जागेला इथे जाड जोड म्हटलंय. तिथून सुई न मोडता टीप पुढे न्यायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे हम्प जंपर नावाची छोटी प्लास्टिकची पट्टी आणि दुसरी म्हणजे लांब टाका.

आधी हा जोड इतका जाड का होतो ते बघू. बऱ्याच जीन्सला पायाच्या आतल्या बाजूची शिवण एकात एक अडकवून दुमडलेली असते, वरून दोन समांतर टिपा दिसतात ती. त्या दोन टिपांच्या मधे कापडाचे ४ थर असतात. आता बॉटम दोनदा दुमडला की साध्या जागी ३ थर होतात पण या शिवणीवर ४ गुणिले ३ म्हणजे १२ थर होतात. म्हणजे ३ थरांवरून सरळ १२ वर चढायचं, आणि बोटभर अंतरात पुन्हा ३ वर उतरायचं. बाहेरच्या बाजूची शिवण बऱ्याचदा नुसती ओव्हरलॉक करून उघडलेली असते, तिथे ६ थरांवर भागतं म्हणून ती सहसा त्रास देत नाही.

बहुतेकांना वाटतं सुई जाडीमुळे तुटते. जाडीचा वाटा आहेच, पण घरगुती मशीनवर खरा घोळ चढ-उताराचा असतो. प्रेसर फूट चढायला लागला की त्याचं टोक वर उचललं जातं आणि टाच खाली राहते, मग फूट कापडाला सपाट दाबत नाही आणि खालच्या दात्यांना कापड नीट धरता येत नाही. कापड सरकायचं थांबतं पण सुई चालूच असते, त्यामुळे एकाच जागी टाके पडत जातात आणि दोऱ्याची गुठळी होते. हे दिसलं की माणूस काय करतो तर मागून कापड ओढतो, आणि सुई आत असतानाच ओढल्यामुळे ती वाकते, भोकात न जाता प्लेटवर आपटते आणि तुटते. म्हणजे बऱ्याच सुया खरं तर हाताने ओढल्यामुळे तुटतात.

हम्प जंपरचं काम एवढंच की फूट आडवा, सपाट ठेवायचा. दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी असते, मधे सुईसाठी खाच असते. काही पट्ट्यांना दोन टोकांना दोन वेगळ्या जाड्या असतात. नसेल तर त्याच जीन्सचा कापलेला तुकडा घडी घालून वापरा, जोडाच्या उंचीइतका झाला की झालं. उलट हाच उपाय जास्त जमतो असं माझं मत आहे कारण घड्या कमी-जास्त करून उंची अगदी बरोबर जुळवता येते. पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीत शिवणाच्या सामानाच्या दुकानात विचारून बघा, पण नाही मिळाली म्हणून काम अडवू नका.

आता एक पाय पूर्ण शिवून बघू. कापताना तयार उंचीच्या खाली अडीच सेंटिमीटर कापड ठेवलं आणि सव्वा सेंटिमीटरची दुमड दोनदा घातली. दुमडायच्या आधी जाड शिवणीचे आतले थर थोडे कमी करता येतात, जो भाग दुमडीच्या पोटात जाणार तिथलाच आतला एखादा थर कात्रीने छाटायचा, मात्र शिवणीची टीप कापली जाता कामा नये नाहीतर तिथून उसवत जाईल. मग दुमड घालून तो जोड लाकडी पाटावर ठेवायचा, वर चिंधी ठेवून हातोडीने ठोकायचा. थर दबून जोड कमी उंच होतो आणि सुईलाही आत शिरायला सोपं जातं. मशीनच्या टेबलावर ठोकू नका.

सुई जीन्सची घ्यायची, १००/१६, आणि कापड फारच जाड असेल तर ११०/१८. साधी १४ नंबरची इथे वाकते. टाका अडीचवरून साडेतीन किंवा ४ मिलिमीटरवर न्यायचा. कारण असं की चढावर दाते कापड कमी सरकवतात, म्हणजे तुम्ही अडीच लावला तरी तिथे दीडच पडेल आणि जवळजवळ भोकं पडून दोरा गुंतेल. साडेतीन लावला तर कमी सरकूनही टाका निभावतो. तयार जीन्सच्या बॉटमची टीपही अशीच लांब असते त्यामुळे बाकीच्या शिलाईत ती वेगळी दिसत नाही.

टीप जाड जोडावर सुरू करायची नाही, त्याच्या थोडं पुढे सपाट जागी सुरू करून गोल फिरत यायचं म्हणजे जोड शेवटी येतो. फुटाचं टोक उचललं जातंय असं दिसलं की लगेच थांबायचं, पार तिरका होईपर्यंत वाट बघायची नाही. सुई खाली कापडातच ठेवून फूट उचलायचा, पट्टी मागून टाचेखाली सरकवायची अशी की सुई खाचेत राहील, आणि फूट खाली सोडायचा. बाजूने वाकून बघा, फूट आडवा आहे ना. आहे तर व्हील हाताने आपल्याकडे फिरवत एकेक टाका घ्यायचा, पॅडल नको. फूट पूर्ण वर चढला की पट्टी काढायची.

उतरताना बरेच जण विसरतात आणि सुई तिथेच जाते. फुटाचं टोक जोडाच्या पलीकडे लोंबायला लागलं की पुन्हा सुई खाली ठेवून थांबायचं आणि यावेळी पट्टी पुढून टोकाखाली ठेवायची. टाच जोडावरून उतरेपर्यंत तशीच हाताने शिवत जायचं. उलटी टीप जोडावर मारू नका, ती सपाट भागात आल्यावर मारा.

काही मशीनच्या फुटाला बाजूला छोटं काळं बटण असतं, फूट आडवा धरून ते दाबलं की फूट तिथेच लॉक होतो आणि सपाट जागी आला की आपोआप सुटतो. चढायला हे मस्त आहे पण उतरताना त्याचा उपयोग नाही, तिथे पट्टीच लागते.

व्हील हाताने फिरवतानाही जड जात असेल, किंवा सुई आत जाताना बाजूला झुकताना दिसत असेल तर थांबा. फूट सपाट असूनही असं होत असेल तर ते मशीनच्या आवाक्याबाहेरचं आहे, तिथे पट्टी काही करणार नाही. ऑल्टरवाल्यांची मोठी इंडस्ट्रिअल मशीन ते सहज ओढते, त्यांच्याकडे द्या किंवा तेवढे दोन-तीन सेंटिमीटर जाड सुईने हाताने शिवा. टाके सुटत असतील म्हणजे मधेच दोरा न अडकता लांब उडी पडत असेल तर सुई वाकलीये असं समजा आणि बदला.

आणि सुई तुटलीच तर सगळे तुकडे शोधा, बॉबिन केसखाली पण बघा. प्लेटच्या भोकाशी बोटाचं नख फिरवा, खरखर लागली तर तिथे चरा पडलाय आणि पुढचा दोरा तिथेच तुटत राहील. बारीक पॉलिश पेपरने तेवढीच कड घासून गुळगुळीत करा, मगच दुसरा पाय शिवायला घ्या.