पोषक–परजीवी शस्त्रस्पर्धा

पोषक सजीवाची प्रतिकारशक्ती आणि परजीवीची तिच्यावर मात करण्याची क्षमता परस्परांच्या दबावाखाली पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणे. ‘शस्त्रस्पर्धा’ ही संज्ञा या अर्थाने रूढ झाली ती मुख्यतः डॉकिन्स व क्रेब्स यांच्या १९७९ च्या लेखामुळे. केवळ टिकून राहण्यासाठीही जातीला सतत बदलत राहावे लागते, ही व्हॅन व्हॅलेन यांची ‘लाल राणी’ कल्पना (१९७३) तिच्याशी निगडित असली, तरी ती अधिक व्यापक आहे. केवळ एका बाजूतील बदल म्हणजे सहउत्क्रांती नव्हे. दोन्ही बाजूंचे बदल वेगवेगळे मोजावे लागतात, आणि अडचण नेमकी तिथेच येते.

ऑस्ट्रेलियातील मिक्सोमा विषाणू आणि युरोपीय ससा या जोडीत हे मोजमाप झाले. दक्षिण अमेरिकेतील मूळ पोषक सशांत हा विषाणू बहुधा त्वचेवर एखादी गाठ आणतो; युरोपीय सशांत मात्र तो प्राणघातक ठरतो. १९५० मध्ये सशांच्या नियंत्रणासाठी तो सोडला, तेव्हा लागण झालेले ९९ टक्क्यांहून अधिक ससे मरत. विषाणुशास्त्रज्ञ फेनर व सहकाऱ्यांनी रानातून मिळवलेला प्रत्येक विषाणू-वाण अल्प मात्रेत पाच-सहा प्रयोगशाळेतील सशांना टोचला. एवढ्या थोड्या सशांवरून मृत्युदर काढता येत नाही, म्हणून मृत्यूपर्यंतचे सरासरी दिवस मोजून वाणांच्या पाच श्रेणी ठरवल्या : पहिल्या श्रेणीत १३ दिवसांपर्यंत, तिसरीत १७ ते २८.

काही वर्षांतच तिसरी श्रेणी प्रबळ झाली. डास विषाणू सोंडेवरून वाहून नेतो. त्यासाठी सशाच्या त्वचेत विषाणूचे प्रमाण भरपूर लागते. जहाल वाणाने ससा लवकर मरतो आणि डासांना मिळणारा अवधी कमी पडतो. फार सौम्य वाणाच्या गाठींत विषाणू कमी असतो व त्या लवकर बऱ्या होतात.

सशांच्या बाजूची चाचणी उलट्या पद्धतीची : वाण कायम, ससे बदलते. न्यू साउथ वेल्समधील उराना सरोवराजवळील रानटी सशांना तिसऱ्या श्रेणीचा एकच साठवलेला वाण टोचला असता, साथींच्या आधी सुमारे ९० टक्के असलेला मृत्युदर सात साथींनंतर ३० टक्क्यांच्या आत आला. येथे फसगत सहज होते. आजारातून वाचलेल्या सशाची किंवा मातेकडून प्रतिपिंडे मिळालेल्या पिल्लाची प्रतिकारक्षमता आनुवंशिक नसते. त्यामुळे लागण न झालेले, प्रतिपिंडरहित तरुण ससेच घ्यावे लागतात.

परजीवी कालांतराने सौम्यच होत जातो, हे जुने मत या उदाहरणाच्या आधारे बराच काळ मांडले गेले. अँडरसन व मे (१९८२) यांची, जहालपणा व प्रसार यांत तडजोड असते ही मांडणी निरीक्षणांशी अधिक जुळते. १९९० च्या दशकातील काही ऑस्ट्रेलियन वाण प्रयोगशाळेतील सशांत नेहमीच्या गाठींऐवजी तीव्र प्रतिकारदमन घडवून मृत्यू आणतात. प्रतिकारक्षम झालेल्या सशांत टिकून राहण्यासाठी विषाणूने दिलेले हे प्रत्युत्तर असावे.