पावसाळ्यातलं स्क्रॅप आणि भट्टीवाल्याचा कोट

जुन्या फाउंड्रीत क्युपोला असायचा. उभं धुराडं, वरून कोक आणि लोखंड टाकायचं, खालून वितळलेल्या लोखंडाचा रस काढायचा. माल हळूहळू खाली सरकायचा आणि वर येणाऱ्या गरम वायूंनी वाटेतच सुकायचा, म्हणून मालातल्या ओलीची फारशी भीती नसायची. भीती होती ती खाली, ओल्या जमिनीवर रस सांडला किंवा रस ओतायचा लॅडल नीट तापवला नाही तर.

मग विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आली. अमेरिकेत १९१६ च्या सुमारास नॉर्थ्रप या संशोधकाने आजच्या धाटणीची भट्टी बनवली, आपल्याकडे यायला बराच काळ गेला. गोव्यात १९९१ मध्ये कारखान्यांना वीजदरात २५ टक्के सवलत जाहीर झाली आणि विजेवर स्टील वितळवणारे इकडे वळले, कुंकळ्ळीसारख्या वसाहतींत भट्ट्या लागल्या. आता या भट्टीत मागच्या हीटचा, म्हणजे मागच्या खेपेला वितळवलेला, थोडा रस तळाला ठेवतात, त्यावर स्क्रॅप थेट पडतं, सुकायला मधे वाटच नाही! आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर स्क्रॅप उघड्यावर भिजतंय.

रसाच्या वर पडलेलं पाणी चुरचुरून उडून जातं, घात होतो तो पाणी रसाखाली गेल्यावर. समजा दोन्ही टोकं चेपलेल्या पाइपात १०० मिली पाणी राहिलंय. नुसती १०० अंशांची वाफ धरली तरी जवळपास १७० लिटर होते, रसाच्या तापमानाला त्याच्या चार-पाचपट, आणि हे सगळं क्षणात, वर रसाचं वजन असताना. रस छतापर्यंत उडतो. म्हणून बंद पाइप, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, डबे आधी कापून उघडायचे, आणि माल निदान एक दिवस शेडखाली ठेवून प्रीहीट करून मगच टाकायचा. वरून कोरडा दिसतो म्हणून फसू नका, पाणी आत असतं.

कपड्यांचं म्हणाल तर आधी चामड्याचा एप्रन, मग अ‍ॅस्बेस्टॉसचे कोट आणि हातमोजे, पुढे त्या धुळीने फुफ्फुसं जातात हे कळल्यावर ते मागे पडले. आता फ्लेम रिटार्डंट सुती, प्रक्रिया केलेली लोकर आणि अ‍ॅल्युमिनाइज्ड, म्हणजे चकचकीत धातूचा थर दिलेला, कोट. अंगात पॉलिएस्टर असेल तर ते वितळून कातडीला चिकटतं, बाकी कोट कितीही भारी असो. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी अ‍ॅरामिड या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या भरवशावर राहू नये, त्याला रस चिकटून राहतो, लोकरीवरून घसरतो. उष्णतेपासून वाचवणाऱ्या कपड्यांच्या आयएसओ ११६१२ या मानकात म्हणूनच अ‍ॅल्युमिनियमच्या शिंतोड्यांसाठी डी आणि लोखंडासाठी ई अशी वेगळी अक्षरं आहेत, विकत घेताना लेबलवर आपल्या धातूचं अक्षर बघायचं.

पॅन्ट बुटावरून खाली हवी, मुडप नको, लेस नको, नाहीतर थेंब आत शिरून तिथेच बसतो. पण या अक्षरांसाठी कापडाची जी चाचणी होते ती मूठभर रसाची असते, शेकडो ग्रॅमची. भट्टीतून पाच-दहा किलो उसळलं तर कोट फक्त थोडा वेळ मिळवून देतो. त्यात आपल्या दमट हवेत तो अंगावर नकोसा होतो, माणसं बटणं उघडी टाकतात, तो दोष मला कामगारांपेक्षा शेडमध्ये पंखा आणि पाळीपाळीने विश्रांती न देणाऱ्यांचा वाटतो.