टाइम इन रेंज

टाइम इन रेंज म्हणजे दिवसाच्या २४ तासांपैकी रक्तातली साखर ठरवलेल्या मर्यादेत किती वेळ राहिली, याची टक्केवारी. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी ही मर्यादा दर डेसिलिटरला ७० ते १८० मिलिग्रॅम अशी धरतात. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर सतत मोजतो आणि त्या नोंदींवरून ही टक्केवारी निघते. दर ५ मिनिटांनी नोंद घेणारे यंत्र दिवसाला २८८ आकडे देते. बोटाला टोचून दिवसातून चार वेळा तपासणाऱ्याला रात्री तीन वाजता काय झाले ते कळत नाही, सेन्सरला कळते.

कोणते लक्ष्य गाठायचे याबाबत २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध झाले आणि आजही तेच आकडे वापरात आहेत. टाइप १ किंवा टाइप २ मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांनी निदान ७० टक्के वेळ मर्यादेत असावे. ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ जावा आणि त्यातही ५४ च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी. १८० च्या वरचा वेळ २५ टक्क्यांच्या आत आणि २५० च्या वरचा ५ टक्क्यांच्या आत असावा. टक्के डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून ते घड्याळात बदलून पाहणे बरे. १ टक्का म्हणजे दिवसातली जवळपास १५ मिनिटे. म्हणजे ७० टक्के हे साधारण १७ तास होतात आणि ४ टक्के म्हणजे जेमतेम एक तास. वृद्धांना किंवा ज्यांना साखर एकदम उतरण्याचा धोका जास्त आहे अशांना मर्यादेतल्या वेळेत सवलत आहे, ५० टक्के पुरतात. ७० च्या खालच्या वेळेत मात्र सवलत नाही, उलट तिथे कडकपणा वाढतो आणि १ टक्क्याच्या आत राहावे लागते. टाइप १ असलेल्या गरोदर स्त्रियांसाठी मर्यादाच वेगळी, ६३ ते १४० अशी असते.

हा आकडा एचबीएवनसीची जागा घेत नाही. एचबीएवनसी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या तपासणीला 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतात. मात्र ती सरासरी सरळ नाही. शेवटच्या महिन्याचे वजन त्यात जवळपास निम्मे असते. डोळे, मूत्रपिंडे आणि नसांवरच्या परिणामांशी या आकड्याचे नाते दशकानुदशकांच्या अभ्यासांतून पक्के झाले आहे आणि त्यासाठी अंगावर काही चिकटवावे लागत नाही. त्याची एक मोठी उणीव आहे. सरासरीत चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात.

एक उदाहरण घेऊ. दोन रुग्ण आहेत आणि दोघांच्याही १४ दिवसांच्या नोंदींची सरासरी १५० येते. सेन्सरच्या अहवालात सरासरीवरून काढलेला एचबीएवनसीचा अंदाज असतो, त्याला जीएमआय म्हणतात. सरासरीला ०.०२३९२ ने गुणून त्यात ३.३१ मिळवले की तो निघतो. दोघांचाही ६.९ येतो. कागदावर दोघेही उत्तम! पहिल्याचा ७४ टक्के वेळ मर्यादेत आहे, २ टक्के खाली आणि २४ टक्के वर. दुसऱ्याचा मर्यादेत ५५ टक्के, वर ३४ टक्के आणि खाली तब्बल ११ टक्के. म्हणजे रोज सरासरी अडीच तासांहून जास्त वेळ त्याची साखर ७० च्या खाली असते. त्याचा ६.९ काही अंशी या उतारांनी विकत घेतलेला आहे. अहवालातला चढउताराचा गुणांकही तेच सांगतो: पहिल्याचा ३१ टक्के, दुसऱ्याचा ४३. तो ३६ च्या आत असावा अशी अपेक्षा असते.

दुसऱ्या रुग्णाचा तासवार आलेख उघडला की कारण सापडते. पहाटे दोन ते पाच या वेळेत मधली रेघ ७० च्या आसपास लोळते आहे आणि खालचा पट्टा ५४ खाली जातो. तो घाबरून उठतो, काहीतरी गोड खातो आणि सकाळी आठला साखर २२० च्या पुढे गेलेली असते. इथे सकाळच्या चढावर इन्सुलिन वाढवणे ही नेहमीची चूक. आधी उतार बंद करायचे, चढांकडे मग पाहायचे, हा क्रम चुकला की आलेख आणखी बिघडतो. या रुग्णाच्या डॉक्टरांनी रात्रीचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन कमी केले. पुढच्या १४ दिवसांत मर्यादेतला वेळ ६६ टक्के झाला, खालचा ११ वरून ३ वर आला आणि वरचाही थोडा उतरून ३१ झाला. मजा अशी की सरासरी १५३ झाली आणि जीएमआय ७.० वर गेला. केवळ तीन महिन्यांच्या सरासरीवर नजर ठेवणाऱ्याला इथे प्रकृती किंचित बिघडल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात रोजचे अडीच तासांहून जास्त मर्यादेत परत आले आहेत.

साधारण हिशेब म्हणून ७० टक्के मर्यादेतला वेळ हा सुमारे ७ टक्के एचबीएवनसीशी जुळतो आणि ५० टक्के सुमारे ८ शी. हे जुळणे ढोबळ आहे, वरच्या उदाहरणातच ते मोडले. कधी मात्र दोन आकडे इतके फटकून असतात की त्यातूनच निदान मिळते. जीएमआय ६.९ आणि प्रयोगशाळेतला एचबीएवनसी ७.८ आला, तर आधी रक्त तपासावे. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटा वाढतो. उलट पेशी लवकर फुटत असतील, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल, तर तो खोटा कमी येतो. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांतही तो फसवा ठरू शकतो. अशा रुग्णांमध्ये सेन्सरचे आकडे अधिक विश्वासाचे.

सेन्सरही धुतल्या तांदळासारखा नाही. १४ दिवसांपैकी निदान ७० टक्के वेळेच्या नोंदी नसतील, तर टक्केवारीवर निर्णय घेऊ नये. त्वचेखालच्या द्रवातला आकडा रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना दोन्ही जुळत नाहीत. सेन्सरवर कूस करून झोपले की दाबाने खोटा उतार नोंदला जातो. तो ओळखायला सोपा आहे: रेघ एकदम खाली कोसळते आणि कूस बदलताच काहीही न खाता तशीच वर येते. खऱ्या उतारात रेघ उतरायलाही वेळ घेते आणि चढायलाही. शंका आली तर बोटाला टोचून पाहावे. रोज रात्री अशा दोन-तीन खोट्या खाचा पडत राहिल्या, की ७० च्या खालचे ४ टक्के सहज ओलांडले जातात आणि गरज नसताना इन्सुलिन कमी केले जाते.