आठ भागिले बारा: मध्य की बहुलक?

सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवर एमएस्सीची मुलं संख्याशास्त्राच्या शंका घेऊन येतात, आणि त्यात एक घोळ दरवर्षी ठरलेला असतो. गेल्या महिन्यात दोघंजण भांडतच जिना चढून आले. गणित एकच होतं: नाणं १० वेळा उडवलं, ७ छापे आणि ३ काटे पडले, तर छाप्याची संभाव्यता p किती मानायची? दोघांचंही उत्तर ८/१२, तरीही भांडण. एक म्हणत होता, "प्रायर मी सपाट घेतलं, बीटा(१, १)." दुसऱ्याचं म्हणणं, "सर, मी बीटा(२, २) घेतलं आणि माझंही हेच येतंय. म्हणजे याचं काहीतरी चुकलंय." चुकलं कोणाचंच नव्हतं. एकाने मध्य काढला होता, दुसऱ्याने बहुलक, आणि वहीत दोघांनीही नुसतं 'पोस्टेरिअरवरून p' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती. त्या रेघेचा मला मनापासून राग येतो.

सुरुवातीचा भाग तुम्हाला येत असणार, म्हणून भरभर. प्रायर बीटा(a, b) असेल तर त्याची घनता p च्या (a − 1) घाताला आणि (1 − p) च्या (b − 1) घाताला गुणून मिळते. n वेळा उडवून h छापे पडले, तर लाइकलीहुड हे p चा h घात गुणिले (1 − p) चा (n − h) घात. गुणताना घातांकांची बेरीज होते आणि पोस्टेरिअर पुन्हा बीटाच निघतं: बीटा(a + h, b + n − h). कॉन्जुगसी म्हणतात ती एवढीच. छापे कुठल्या क्रमाने पडले याने काही फरक पडत नाही. आपल्या नाण्याला सपाट प्रायर लावलं तर पोस्टेरिअर बीटा(८, ४), आणि बीटा(२, २) लावलं तर बीटा(९, ५).

इथपर्यंत कोणी अडखळत नाही. अडखळतात ते या वितरणातून एक आकडा उचलताना.

```
मध्य   = (a + h) / (a + b + n)
बहुलक = (a + h - 1) / (a + b + n - 2)
```

बीटा(८, ४) चा मध्य ८/१२ आणि बहुलक ७/१०. बीटा(९, ५) चा मध्य ९/१४ आणि बहुलक ८/१२. दोन्ही वह्यांमधले ८/१२ जुळले ते असे. सपाट प्रायरचा मध्य आणि बीटा(२, २) चा बहुलक कुठल्याही h आणि n ला सारखेच येतात; दोन्हीकडे (h + 1)/(n + 2). लाप्लासच्या नावाने ओळखला जाणारा 'वर १, खाली २ मिळवा' हा नियम तो हाच. त्यामुळे नुसतं उत्तर बघून प्रायर कोणतं होतं ते ओळखता येत नाही, आणि 'मी १ मिळवला' एवढं सांगणारा काहीच सांगत नसतो.

मग "a आणि b म्हणजे आधीच पडलेले काल्पनिक छापे-काटे" हे जे सगळे घोकतात, त्याचं काय? हेच वाक्य अर्धवट शिकवलं जातं. मध्याच्या हिशेबात बीटा(१, १) म्हणजे आधी एक छापा आणि एक काटा पाहिल्यासारखं आहे. बहुलकाच्या हिशेबात त्याच बीटा(१, १) चा अर्थ आधी काहीच पाहिलं नाही असा होतो, म्हणून तर बहुलक थेट ७/१० येतो. प्रायर तेच, पण त्याचं वजन किती मोजायचं ते तुम्ही कोणता आकडा उचलता त्यावर ठरतं. मी मध्याच्या भाषेतच बोलतो, कारण तिथे हिशेब उघड दिसतो: बीटा(२, २) चा स्वतःचा मध्य १/२ आणि वजन ४, नाण्याचं प्रमाण ७/१० आणि वजन १०. भारित सरासरी घ्या, (२ + ७)/१४, म्हणजे ९/१४. प्रायर उत्तराला स्वतःकडे किती ओढतंय ते डोळ्यांना दिसतं.

पण निव्वळ आवडीपुरतं हे नाही. समजा, सपाट प्रायर घेऊन नाणं ३ वेळा उडवलं आणि तिन्ही वेळा छापा पडला. पोस्टेरिअर बीटा(४, १). बहुलक ३/३, म्हणजे १. मध्य ४/५. आता विचारा, चौथ्यांदा छापा पडण्याची संभाव्यता किती? सूत्र न वापरता पडताळता येतं. सपाट प्रायरखाली सलग ३ छाप्यांची संभाव्यता म्हणजे p च्या घनाचं ० ते १ संकलन, १/४. सलग ४ छाप्यांची १/५. पहिले ३ पडलेले आहेत, तर भागा: (१/५) ÷ (१/४) = ४/५. मध्याशी तंतोतंत जुळलं, आणि ते योगायोगाने नाही. पुढच्या खेपेची संभाव्यता काढताना p च्या सगळ्या शक्य किमतींवर पोस्टेरिअरच्या वजनाने सरासरी घ्यावी लागते, आणि तीच मध्याची व्याख्या. बहुलकावर विसंबणारा मात्र तीन छाप्यांनंतर काटा अशक्य आहे असं सांगून मोकळा होतो. अशा माणसाशी मी चहाचीसुद्धा पैज लावीन, आणि काट्यावर लावीन.

'पण सर्वाधिक शक्य किंमत तर बहुलकच ना?' हा प्रश्न हमखास येतो. p च्या पट्टीवर घनतेचा कळस तिथे असतो, हे खरं. पण पट्टी बदला. p ऐवजी लॉग-ऑड्स, म्हणजे p/(1 − p) चा लॉगरिदम घ्या. घनता नव्या पट्टीवर नेताना p(1 − p) ने गुणावं लागतं, त्यामुळे घातांकांतले ते 'उणे १' नाहीसे होतात, आणि बीटा(४, १) चा कळस p = ४/५ वर जाऊन बसतो. नाणं तेच, माहिती तीच, आणि 'सर्वाधिक शक्य' किंमत १ वरून ४/५ वर सरकली. पट्टी बदलल्यावर हलणाऱ्या आकड्याला नाण्याचा गुणधर्म म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (मध्यसुद्धा अशा रूपांतराखाली जसाच्या तसा राहत नाही, पण पुढच्या खेपेबद्दलचं उत्तर देताना p चाच मध्य लागतो, त्यामुळे तिथे पट्टी निवडायचा प्रश्न येत नाही.)

बहुलक टाकाऊ आहे असं नाही. मोठ्या मॉडेलमध्ये संकलन झेपत नाही तेव्हा कळस शोधणं स्वस्त पडतं. आणि १००० पैकी ७०० छापे असतील तर सपाट प्रायरवर ७०१/१००२ आणि ७००/१००० यांत फरक ०.०००४ चा, तिथे वाद घालणाऱ्याला मी जिन्यावरूनच परत पाठवतो. घोळ होतो तो थोड्या खेपांत, किंवा सगळे निकाल एकाच बाजूला पडल्यावर.

त्या दिवशी दुसऱ्या मुलाच्या वहीत पुढचं गणितही होतं: तेच ३ छापे, पण प्रायर जेफ्रीजचं, बीटा(१/२, १/२). पोस्टेरिअर बीटा(३.५, ०.५) बरोबर काढलं होतं. मध्य ३.५/४, म्हणजे ०.८७५ आला असता. त्याने सवयीने बहुलकाचं सूत्र लावलं: २.५/२. b बाजूचा आकडा १ च्या खाली गेला की हे सूत्र लागू होत नाही, घनता १ च्या टोकाला अनंताकडे चढत जाते आणि मधे कळसच नसतो. छाप्याची संभाव्यता १.२५, असं लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली होती.