शीर्षक-सारांश पडताळणी (शोधनिबंधाची)

शोधनिबंधाचे शीर्षक आणि सारांश जे सांगतात, तेच अभ्यासात खरोखर केले व आढळले आहे का, हे पाहण्याची पद्धत. बहुतेक वाचक सारांशापुढे जात नाहीत, आणि पुढचे लेखक उद्धृतही तेवढेच करतात. पिटकिन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सहा वैद्यकीय नियतकालिके तपासली. मूळ निबंधात नसलेली किंवा त्याच्याशी न जुळणारी माहिती असलेल्या सारांशांचे प्रमाण नियतकालिकानुसार १८ ते ६८ टक्के होते.

पडताळणी उलट्या क्रमाने करावी. सारांश बाजूला ठेवून आधी ‘मेथड्स’ आणि तक्ते वाचावेत व अभ्यासाचे शीर्षक स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहावे. मग छापील शीर्षक पाहावे. सारांश आधी वाचला, तर तक्त्यातही तोच दिसू लागतो.

सोलापूरचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शीर्षक आहे, ‘यंत्रमागाच्या आवाजामुळे सोलापुरातील कामगारांना येणारा बहिरेपणा’. सारांशानुसार २४० कामगारांचा अभ्यास झाला, ३८ टक्के कामगारांत श्रवणदोष आढळला, नोकरीच्या वर्षांबरोबर तो वाढत गेला आणि म्हणून इअरप्लग सक्तीचे करावेत.

पहिली तपासणी आकड्यांची. सारांशातला प्रत्येक आकडा तक्त्यात शोधून त्याखाली पेन्सिलने खूण करायची आणि टक्केवारी स्वतः काढायची. तक्त्यात दिसते की प्रश्नावली २४० जणांनी भरली, पण ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने केलेली श्रवणचाचणी, १८६ जणांचीच झाली व दोष ७१ जणांत आढळला. ७१ भागिले १८६ म्हणजे ३८ टक्के, आणि भागिले २४० म्हणजे जेमतेम ३०. ३८ हा आकडा चुकीचा नाही, पण सारांशात तो २४० च्या शेजारी बसवल्यामुळे वाचकाची फसगत होते. उरलेले ५४ जण का आले नाहीत, हेही महत्त्वाचे. त्या सगळ्यांना नीट ऐकू येत असेल तर प्रमाण ३० टक्के. सगळ्यांना दोष असेल तर १२५ भागिले २४०, म्हणजे ५२. एवढी तफावत सारांशात एका ओळीनेही सूचित होत नाही.

दुसरी तपासणी कारण सांगणाऱ्या शब्दांची, आणि खरी गडबड बहुधा इथेच असते. ‘आवाजामुळे’ म्हणायचे तर आवाज मोजलेला हवा. या अभ्यासात कारखान्यात ध्वनिमापक नेलाच नाही. नोकरीची वर्षे म्हणजेच आवाज, असे धरून चालले. तुलनेला शांत ठिकाणी काम करणारा गट नाही. दहा वर्षांहून कमी नोकरी असलेल्यांचे सरासरी वय ३१, वीसहून जास्त असलेल्यांचे ५२; वयानेही ऐकू कमी येते, पण विश्लेषणात वय वेगळे काढलेले नाही. आवाजाने झालेल्या हानीत ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, साधारण ४००० हर्ट्झजवळ खाच दिसते. निबंधात मात्र सर्व वारंवारितांची सरासरी तेवढी दिली आहे. शिवाय तपासणी पाळी सुटताच गेटजवळच्या खोलीत झाली. मागाच्या खडखडाटातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला तात्पुरते कमी ऐकू येते, म्हणून अशा तपासणीपूर्वी सुमारे १४ तास आवाजापासून दूर राहणे अपेक्षित असते. त्यामुळे ‘बहिरेपणा’ या शब्दालाही आधार उरत नाही.

तिसरी तपासणी व्याप्तीची. मालकांनी परवानगी दिली ते पूर्व भागातले चार कारखाने म्हणजे सोलापूर नव्हे. इअरप्लगची शिफारस शहाणपणाची असेलही, पण इअरप्लग या अभ्यासात कोणी वापरून पाहिलेच नाहीत. ती चर्चेत शोभते, सारांशाच्या निष्कर्षात नाही.

दुरुस्त शीर्षक असे होईल: ‘सोलापुरातील चार यंत्रमाग कारखान्यांतील कामगारांमध्ये पाळीनंतर आढळलेला श्रवणदोष: क्रॉस-सेक्शनल अभ्यास’. आकर्षक नाही, पण खरे आहे. क्रॉस-सेक्शनल म्हणजे एकाच वेळी केलेली पाहणी. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीच्या ‘स्ट्रोब’ मार्गदर्शिकेतही अभ्यासाचा प्रकार शीर्षकात किंवा सारांशात सांगावा, असे पहिल्याच मुद्द्यात म्हटले आहे.

अशी विसंगती दर वेळी लबाडीतून येते असे नाही. प्रबंधाचे शीर्षक आराखड्याच्या वेळी ठरते. पुढे यंत्र मिळत नाही, नमुना घटतो, पण शीर्षक तसेच राहते. सारांश परिषदेसाठी आधी पाठवला जातो आणि नंतर बदललेले आकडे त्यात कोणी भरत नाही. अडीचशे शब्दांच्या मर्यादेची सबबही नेहमीची. कापाकापीत पहिला बळी ‘१८६ पैकी’ सारख्या शब्दांचा जातो.

औषधोपचाराच्या चाचण्यांत आणखी एक पायरी लागते. निबंधातले मुख्य फलित, म्हणजे ज्यावरून उपचाराचा परिणाम ठरवायचा ते मोजमाप, चाचणीच्या नोंदणीतल्या फलिताशी जुळवावे. भारतात सीटीआरआय ही अशा चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे आणि तिथे नोंदीतले बदलही तपासता येतात. रक्तदाब हे मुख्य फलित नोंदवून सारांशात फक्त झोप सुधारल्याचे लिहिले असेल, तर रक्तदाबाचा तक्ता आधी उघडावा.

या पडताळणीतून अभ्यास चांगला की वाईट हे ठरत नाही. सदोष अभ्यासाचा सारांशही तंतोतंत प्रामाणिक असू शकतो. तसेच तक्तेच चुकीचे भरले असतील, तर मूळ ऑडिओग्राम पाहिल्याशिवाय ते उघड होत नाही.